रात्री दीडचा मेसेज आणि पंधरा टँकर

ताई, नमस्कार. आमची पुण्याजवळ ४८ फ्लॅटची सोसायटी आहे. उन्हाळाभर पाणी टँकरचंच. परवा रात्री दीड वाजता सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्यासाठी मी खालचा मेसेज लिहिला. पाठवणार तेवढ्यात बायकोने हातातून मोबाइल काढून घेतला.

‘सन्माननीय सेक्रेटरी साहेब, झोपलात का? तुम्हाला झोप लागतच असेल, पहिल्या मजल्यावर पाणी धो धो येतं ना! इथे आठव्या मजल्यावर माझी ७८ वर्षांची आई रिकामी बादली घेऊन बसली आहे. तुम्ही लोक कधीच ऐकत नाही. मेंटेनन्स वाढवायचा एवढंच कळतं. एप्रिलमध्ये म्हणे ६१ टँकर मागवले! वॉचमनच्या वहीत ४६ आहेत, मी स्वतः मोजलेत. बाकीचे काय आकाशातून आले? लाखो रुपये कुणाच्या खिशात गेले हे लहान पोरही सांगेल. टँकरवाला तुमच्या मेव्हण्याचा मित्र आहे हे सगळ्यांना माहीत आहे. मुद्दामच बिलं दाखवत नाही तुम्ही. लाज असेल तर राजीनामा द्या!!!’

सकाळी वाचला आणि माझी मलाच लाज वाटली. पण मुद्दा खरा आहे. सौम्य करून पुन्हा लिहायला बसलो, तर शेवटी ‘टँकरच्या हिशेबाबाबत थोडी स्पष्टता हवी होती’ एवढंच उरलं. त्याला कोण उत्तर देणार? काय करू?

— एक सभासद

*

नमस्कार.

तुमच्या पत्नीचे आभार माना, पण तो मेसेज पुसू नका. मोबाइलमधून कागदावर उतरवून घ्या, प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीवर आणि मध्ये भरपूर जागा सोडून. पाठवायचं बटण समोर असलं की माणूस मजकूर नीट वाचत नाही, नुसता पाठवायला तयार होत राहतो. कागदावर ही बारा-तेरा वाक्यं एकाखाली एक आली की दिसेल, त्यांतलं सहावं आणि सातवं वाक्य सोन्याचं आहे. एप्रिलमध्ये ६१ टँकरचे पैसे लागले आणि वहीत ४६ आहेत. तुम्ही हे स्वतः मोजलंय. बाकीचा सगळा मजकूर या दोन वाक्यांच्या वाटेत उभा आहे.

मी एका दैनिकात बरीच वर्षं वाचकांच्या पत्रांचं पान पाहिलं. रागाने लिहिलेली पत्रं रोज यायची, आणि त्यांच्यावर येणारी उत्तरंही आमच्याकडेच यायची. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली. ज्याच्यावर टीका होते तो माणूस पत्रातल्या सगळ्यांत कच्च्या वाक्याला उत्तर देतो. त्यात त्याचा कावेबाजपणा असतोच असं नाही. अंगावर आलेल्या दहा गोष्टींपैकी जी सहज परतवता येते तिच्याकडे हात आधी जातो, एवढंच. त्या एका वाक्याला ठाम उत्तर मिळालं की बाकी वाचणाऱ्यांनाही वाटतं, चला, विषय संपला. म्हणून सौम्य करणं म्हणजे मजकुरावर साखर घालणं, असं धरून चालू नका. जिथे उत्तर देणाऱ्याला पळून जायला वाट आहे ती वाक्यं काढायची. तेवढं नीट जमलं की सूर आपोआप खाली येतो, कारण राग बहुतेक त्याच वाक्यांत असतो.

आता तुमच्याच ओळी घेऊ.

पहिल्या मजल्यावर धो धो आणि आठव्यावर थेंब, हे वाक्य तुम्हाला सगळ्यांत खरं वाटत असणार, कारण ते तुमच्या घरातलं आहे. पण तुमच्या सोसायटीत एक जरी इंजिनियर असेल तर सकाळी सात वाजता त्याचं उत्तर येईल. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब टाकी नळाच्या किती वर आहे त्यावर ठरतो. दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब मिळतो. तुमचा नळ टाकीच्या खाली जेमतेम तीन-चार मीटर असेल आणि पहिल्या मजल्याचा त्याहून वीस-एकवीस मीटर खाली. म्हणजे सेक्रेटरी कोणीही असो, तिथे धार जोरात आणि तुमच्याकडे बारीकच येणार. इंजिनियर हे समजावून सांगेल, चार जण अंगठा दाखवतील आणि पंधरा टँकर विसरले जातील. तुमच्या आईचा त्रास खोटा ठरत नाही, पण या मजकुरात तो पुरावा म्हणून आला आहे आणि पुरावा म्हणून तो टिकत नाही. त्यासाठी वेगळं पत्र लिहायचं आहे, त्याकडे शेवटी येते.

‘लाखो रुपये’. इथे कागद-पेन घ्या. हिशेबात ६१ टँकरचे किती रुपये लावलेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी दहा हजार लिटरच्या टँकरचा दर १,२०० रुपये धरते. तुमच्या हिशेबातला खरा दर तुम्ही घाला. १५ टँकरचे १८,००० रुपये होतात. ४८ घरांत वाटले तर घरटी ३७५ रुपये. रात्री दीड वाजता हा आकडा अगदी किरकोळ वाटतो, म्हणून हात ‘लाखो’कडे गेला. पण ‘लाखो’ला उत्तर सोपं आहे. सेक्रेटरी म्हणतील, महिन्याचं पूर्ण टँकर बिलच ७३,२०० रुपयांचं आहे, लाख आले कुठून? आणि ते खरं बोलत असतील. १८,००० ला मात्र असं उत्तर नाही. ती वजाबाकी आहे, वाचणारा प्रत्येक जण मोबाइलवर करून पाहू शकतो. लहान पण पक्का आकडा समोरच्याला बसवून ठेवतो. मला तर वाटतं, अख्ख्या मजकुरात तुमच्या बाजूने लढेल असा हा एकच शब्द आहे, आणि रात्री तुम्ही तो लिहिलाच नव्हता.

मेव्हण्याचा मित्र. हे तुम्ही स्वतः पाहिलंय की ऐकलंय? ‘सगळ्यांना माहीत आहे’ हे शब्द जिथे येतात तिथे बहुधा ऐकीव असतं. कागदावर अशा वाक्यांसमोर ‘ऐ’ लिहा. डोळ्यांनी पाहिलं, हातांनी मोजलं त्यासमोर ‘पा’. बाकी उरतं ते तुम्ही मनाशी बांधलेलं, त्यासमोर ‘अं’, म्हणजे अंदाज. ‘मुद्दामच बिलं दाखवत नाही’ यात ‘बिलं दाखवत नाही’ कदाचित ‘पा’ असेल, पण ‘मुद्दाम’ हा नक्की ‘अं’ आहे, कारण दुसऱ्याच्या मनात काय आहे ते कुणीच पाहिलेलं नसतं. आणि बिलं दाखवत नाहीत हेसुद्धा तपासा. तुम्ही कधी मागितली होती? तोंडी की लेखी? कुणाकडे? मागितलीच नसतील तर हे वाक्य आजच खोडा. एकदा मागितली असतील तर तारीख आठवा, ती कामाची आहे.

नात्यागोत्याचा मुद्दा खरा निघाला तर तो मोठा आहे, पण तो वेगळा मुद्दा आहे. तिथे प्रश्न असा असेल की टँकर ठरवताना किती जणांकडून दर मागवले आणि तो निर्णय कमिटीच्या कोणत्या सभेत झाला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सभासदाला सभांची इतिवृत्तं आणि लेखापरीक्षण झालेला ताळेबंद पाहता येतो, लेखी मागणी करून आणि शुल्क भरून प्रतीही घेता येतात. तेव्हा ती चौकशी करायला तुमच्याकडे सरळ रस्ता आहे. आज ते वाक्य तुमच्या कागदावरच ठेवा.

शिवाय एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. पैसे कुणाच्या खिशात गेले हे नाव न घेता सांगितलं तरी तुमच्या ४८ घरांत सेक्रेटरी एकच आहे. लेखी बदनामी हा आपल्याकडे फौजदारी गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये येतो आणि त्याला दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. ‘पण ते खरं आहे’ एवढं म्हणून सुटका होत नाही. ते खरं असावं लागतं आणि ते सांगणं लोकहिताचंही असावं लागतं. वहीत ४६ आणि हिशेबात ६१ हे लिहिण्यात कुणाला चोर म्हटलेलं नाही. तिथे तुम्ही सुरक्षित आहात आणि मुद्दाही पूर्ण आहे.

आता तुमच्या दुसऱ्या मसुद्याबद्दल. ‘टँकरच्या हिशेबाबाबत थोडी स्पष्टता हवी होती’ हे वाक्य पाहून मला वाईट वाटलं, कारण अशी चूक मी स्वतः केली आहे आणि ती दुसऱ्याच्या पत्रात केली आहे. एका गृहस्थांनी त्यांच्या चौकातल्या उघड्या गटाराबद्दल लिहिलं होतं. पत्र चार पानी, शिव्यांच्या काठाकाठाने चालणारं. त्यात नातू कुठे पडला, कोणत्या तारखेला, गटाराचं झाकण किती दिवस नाही, सगळं होतं, पण रागात गुंतलेलं. मी राग काढायला बसले आणि रागाबरोबर चौकाचं नाव गेलं, तारीख गेली, नातू गेला. छापून आलं ते ‘शहरातील उघड्या गटारांकडे संबंधितांनी लक्ष द्यावे’. सभ्य, स्वच्छ आणि कुणालाही उद्देशून नसलेलं. पंधरा दिवसांनी त्यांचं दुसरं पत्र आलं, एकाच ओळीचं: ‘झाकण अजून नाही, आणि माझं पत्रही नाही.’ ती ओळ मी अजून विसरलेले नाही.

तुमच्या वाक्यात तेच झालंय. ‘थोडी’ म्हणजे किती? ‘स्पष्टता’ कशाबद्दल? ‘हवी होती’ म्हणजे आता नको का? मराठीत आपण अदबीने बोलताना क्रियापद भूतकाळात नेतो, ‘एक काम होतं तुमच्याकडे’ असं म्हणतो, आणि समोरासमोर ते गोडही वाटतं. कागदावर मात्र ती मागणी मागे सरकते. ‘जरा’, ‘जमल्यास’, ‘सवडीने’ हे तसेच. ‘जमल्यास’ला ‘जमलं नाही’ हे पुरेसं उत्तर आहे. आणि सरकारी थाटाचं ‘सदर बाबतीत तफावत आढळून आली आहे’ असंही लिहू नका. कुणाला आढळली? कुठे? कर्ता गायब झाला की जबाबदारीही गायब होते, आणि इथे तर पाहणारे तुम्ही आहात. ‘मी पाहिली, मी मोजली’ असं ठणठणीत लिहा.

सूर उतरवण्यासाठी जे काढायचं ते फार बारीक आहे. मराठीत राग मोठ्या शब्दांत कमी आणि छोट्या अव्ययांत जास्त राहतो. तुमच्या मेसेजमध्ये ‘लागतच’, ‘कधीच’, ‘एवढंच’, ‘मुद्दामच’ असे चार ‘च’ आहेत. ‘धो धो येतं ना’ मधला ‘ना’ आहे. आणि ‘म्हणे ६१ टँकर मागवले’ मधला ‘म्हणे’ आहे, तो तर अख्खं वाक्य संशयात बुडवतो. हे सगळे पेन्सिलीने गोल करा आणि प्रत्येक काढून वाक्य मोठ्याने वाचा. ‘एप्रिलमध्ये म्हणे ६१ टँकर मागवले!’ आणि ‘एप्रिलमध्ये ६१ टँकर मागवले.’ शब्द एक गेला, उद्गारचिन्ह गेलं, माहिती तीच राहिली, आणि आता ते वाक्य सेक्रेटरी स्वतःसुद्धा म्हणू शकतील. हीच खूण समजा. ज्या वाक्यावर समोरचाही मान डोलावेल ते वाक्य ठेवायचं, कारण मग पुढच्या वाक्याला त्याला थांबावं लागतं.

‘सन्माननीय’ काढा. रोज त्यांना ज्या नावाने हाक मारता तेच लिहा. एरवी ‘साहेब’ म्हणत असाल तर ‘साहेब’. टोचण्यासाठी वापरलेला आदर शिवीपेक्षा जास्त लागतो आणि जास्त दिवस लक्षात राहतो. ‘तुम्ही लोक’ काढा, कारण त्यात कमिटीतले ते दोघे-तिघेही आले ज्यांना कदाचित हाच प्रश्न पडला असेल, आणि तुम्ही त्यांनाही पलीकडे ढकललंत. ‘काय आकाशातून आले’ हा प्रश्न काढा आणि त्याच्या जागी खरा प्रश्न घाला, ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच हवंय. राजीनाम्याची मागणी काढा. पंधरा टँकरचं उत्तर मिळायच्या आधीच तुम्ही शिक्षा सांगितली आहे, आणि राजीनामा दिला तरी १८,००० रुपयांचा हिशेब लागत नाही.

लिहिण्याआधी एक फेरी वॉचमनकडे मारा. माझ्या मते या सगळ्या कामातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि रागात तो नेमका राहून जातो. वहीत ४६ आहेत हे खरं, पण ती वही कोणती? मोठ्या सोसायट्यांत दिवसपाळी आणि रात्रपाळीच्या वह्या वेगळ्या असतात. उन्हाळ्यात टँकर रात्री दोनलाही येतात. मागच्या गेटने थेट जमिनीखालच्या टाकीत पाणी सोडून जाणारा टँकर पुढच्या गेटच्या वहीत येणारच नाही. वॉचमन जेवायला गेला असताना आलेला टँकर राहून जाऊ शकतो. १ एप्रिल ते ३० एप्रिल अशी तारखेवार पानं पाहा, मध्ये पान फाटलेलं आहे का, एखादा दिवस कोराच आहे का, ते पाहा, आणि नोंदी दुसऱ्यांदा मोजा. शक्य झालं तर वॉचमनसमोरच पानांचे फोटो घ्या, पण त्याला अडचणीत टाकू नका. त्याची नोकरी कमिटीच्या हातात आहे, त्याचं नाव मजकुरात येता कामा नये.

समजा दुसरी वही निघाली आणि त्यात पंधरा नोंदी आहेत. मग तुम्ही वाचलात, आणि तुमच्या पत्नीचे पुन्हा आभार माना. समजा निघाली नाही, किंवा आहे की नाही ते कळलं नाही. तर ते तसंच लिहा. आपल्याला काय माहीत नाही ते सांगणं म्हणजे माघार, असं रात्री वाटतं. पण ‘कदाचित माझा गैरसमज असेल’ आणि ‘रात्रपाळीची वेगळी वही असेल तर ती मी पाहिलेली नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं वाक्य सगळ्या मजकुरावर पाणी ओततं. दुसरं नेमकं एकच दार उघडं ठेवतं, आणि त्या दारातून यायचं तर सेक्रेटरींना ती वही हातात घेऊनच यावं लागतं.

इतकं झालं की मी असं लिहीन. तारखा आणि रकमा तुमच्या घाला.

‘सेक्रेटरी साहेब, नमस्कार. एप्रिलच्या हिशेबात ६१ टँकरचे ७३,२०० रुपये दाखवले आहेत. पुढच्या गेटवरच्या वहीत १ ते ३० एप्रिल या काळात ४६ टँकरची नोंद आहे. ही वही मी ५ मे रोजी पाहिली आणि नोंदी दोनदा मोजल्या. फरक १५ टँकरचा, म्हणजे १८,००० रुपयांचा आहे. रात्रपाळीची किंवा मागच्या गेटची वेगळी वही असेल तर ती मी पाहिलेली नाही. या १५ टँकरची नोंद कुठे आहे? एप्रिलच्या सगळ्या टँकरची चलनं आणि पुरवठादाराचं बिल मला पाहायचं आहे. येत्या रविवारी सकाळी ११ वाजता ऑफिसात येतो. ती वेळ सोयीची नसेल तर त्या आठवड्यातली दुसरी वेळ कळवा. – फ्लॅट ८०३’

यात राग कुठेच नाही, पण वाचून पाहा, हा मेसेज तुमच्या रात्रीच्या मेसेजपेक्षा कडक आहे. याला उत्तर म्हणून तीनच गोष्टी येऊ शकतात: वही, चलनं, किंवा गप्प बसणं. गप्प बसणंही मग सगळ्यांना दिसतं.

तुम्हाला मोह होईल शेवटी एक सूचना जोडायचा, की यापुढे प्रत्येक टँकरच्या चलनावर वॉचमनची सही आणि वेळ असावी. सूचना उत्तम आहे, पण आत्ता लिहू नका. कमिटी आनंदाने म्हणेल, ‘चांगली कल्पना, मेपासून सुरू करू’, टाळ्या होतील, आणि एप्रिल बुडेल. एका मजकुरात एकच मागणी. सूचना सर्वसाधारण सभेसाठी राखून ठेवा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते, तिथे ती मांडा.

आता कुठे द्यायचा हा प्रश्न. माझं मत असं की आधी कागदावर, सही करून, सेक्रेटरींच्या हातात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. ४८ घरांसमोर अचानक प्रश्न आला की माणूस आधी आपली अब्रू सांभाळतो आणि मग वही शोधतो. दोन-तीन दिवस आधी कागद मिळाला तर चूक असली तरी त्याला ती मान्य करायला जागा राहते. रविवार उलटला आणि काहीच झालं नाही, तर हाच मजकूर अक्षर न बदलता ग्रुपवर टाका आणि शेवटी एवढंच जोडा: ‘हे पत्र मी अमुक तारखेला दिलं आहे, पोच माझ्याकडे आहे.’ पैसे सगळ्यांचे आहेत, तेव्हा सगळ्यांनी वाचण्यात गैर काही नाही.

पाठवण्याआधी तो पत्नीला वाचायला द्या, पण ‘कसा वाटला’ असं विचारू नका. ‘चांगला आहे’ याने काहीच कळत नाही. कागद परत घ्या आणि विचारा, ‘मला काय हवंय?’ त्या ‘एप्रिलच्या टँकरची चलनं’ म्हणाल्या तर मजकूर झाला. ‘तुला सेक्रेटरीचा राग आलाय’ म्हणाल्या तर अजून कुठेतरी एखादा ‘च’ शिल्लक आहे, तो शोधा. आणि ‘काहीतरी पाण्याबद्दल’ म्हणाल्या तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त सौम्य केलंय, आकडे परत वर आणा.

आईंच्या पाण्यासाठी दुसरा कागद. त्यात टँकर नको, सेक्रेटरींचा पहिला मजला नको. तीन दिवस रात्री नऊपासून दर तासाला नळ उघडून पाहा आणि घड्याळ पाहून लिहा: पाणी आहे, बारीक आहे, नाही. टाकी कितीला रिकामी होते आणि पंप कितीला लागतो हे त्यातून कळेल. रात्री साडेदहाला टाकी संपत असेल तर दहा वाजता पंप एक फेरी चालवला तर प्रश्न सुटू शकतो, आणि तो कमिटीला एका दिवसात करता येतो. टाकीत पाणी असूनही धार बारीक असेल तर तो दाबाचा प्रश्न आहे, त्याला वरच्या मजल्यांसाठी छोटा प्रेशर पंप लागेल आणि ते काम खर्चाचं, सभेत मंजूर करायचं. या पत्रात मात्र आईंबद्दल जरूर लिहा. ‘आईचं वय ७८ आहे, रात्री तिला उठावं लागतं आणि त्या वेळी नळाला पाणी नसतं’, अगदी एवढंच. रात्री तुम्ही ज्या गोष्टीने पेटून उठलात ती ही होती. तिला स्वतःचं पत्र मिळायला हवं, टँकरच्या हिशेबात ती दोनदा हरवली असती.

वही पाहायला आजच संध्याकाळी जा. महिना संपला की जुन्या वह्या कपाटात जातात.